प्रोबेशन, न मिळालेला फीडबॅक आणि कन्फर्मेशनची धास्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि आसपासच्या खासगी कंपन्यांत मी बरीच वर्षं एचआरमध्ये काम केलं. कन्फर्मेशनची पत्रं माझ्या टेबलावरून जायची, तशीच न देण्याचीही. आता नवीन लागलेली मुलंमुली मला प्रश्न पाठवतात आणि त्यांतले बहुतेक एकाच जागी येऊन थांबतात : "कोणी काही सांगत नाही, मग मी काय समजू?" तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं खासगी नोकरीपुरती आहेत. सरकारी सेवेत परिविक्षेचे नियम वेगळे असतात आणि ते सेवानियमांत लिहिलेले असतात.

१. प्रोबेशन म्हणजे नेमकं काय? सहा महिने संपले की आपोआप कन्फर्म होतो का?

कंपनीने तुम्हाला कायम जागेवर घेतलेलं असतं, पण कायम करण्याआधी काम पाहायला काही काळ राखून ठेवलेला असतो. खासगी कंपन्यांत हा काळ बहुधा तीन किंवा सहा महिन्यांचा असतो. या काळातही पीएफ लागू असेल तर तो पहिल्या दिवसापासून कापला जातो आणि पुढे ग्रॅच्युइटीची वर्षं मोजताना हे महिने धरले जातात. म्हणजे नोकरी खरीच असते. फरक पडतो तो मुख्यतः नोटीस पिरियडमध्ये, काही रजांमध्ये आणि काढून टाकणं किती सोपं आहे यामध्ये.

आपोआप कन्फर्म होता का, हे तुमच्या नेमणूकपत्रातल्या एका वाक्यावर ठरतं. ते वाक्य कसं वाचायचं ते प्रश्न ८ मध्ये सांगितलं आहे.

२. मॅनेजर चांगलं-वाईट काहीच बोलत नाही. मला काढायचं ठरलंय असं समजायचं का?

नाही. माझ्या अनुभवात गप्प बसण्याचं सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे मॅनेजरच्या डोक्यात तुमच्या कन्फर्मेशनचा विषयच नसतो. तुम्ही रोज दिवस मोजता. त्याला मात्र तुमची तारीख एचआरचा मेल आल्यावरच आठवते. दुसरं कारण स्वभावाचं. "काही चुकलं तर सांगेनच की" या रीतीत वाढलेली माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या लेखी गप्प राहणं म्हणजेच पसंती, पण हे समोरच्याला कळत नाही याची त्यांना जाणीवही नसते.

तिसरं कारणही असतं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. काही मॅनेजरांना वाईट बोलायचं जिवावर येतं. ते शेवटच्या आठवड्यापर्यंत ढकलतात आणि मग एचआरला पुढे करतात. बाहेरून या तिन्ही शांतता सारख्याच दिसतात. म्हणून शांततेचा अर्थ लावत बसण्यापेक्षा ती कशी मोडायची ते पाहा (प्रश्न ४).

३. कन्फर्मेशन ठरवतं कोण, आणि कधी?

सगळं शेवटच्या दिवशी एका बंद खोलीत ठरतं, अशी बहुतेकांची कल्पना असते. प्रत्यक्षात एचआरच्या सिस्टिममध्ये तुमची रुजू झाल्याची तारीख टाकलेली असते. मुदत संपण्याच्या दोन ते चार आठवडे आधी तुमच्या रिपोर्टिंग मॅनेजरला एक फॉर्म जातो. त्यात कामाचा दर्जा, वेळेत काम, हजेरी, टीमशी वागणं अशा रकान्यांत गुण भरायचे असतात. खाली तीन पर्याय असतात : कन्फर्म करा, प्रोबेशन वाढवा, सेवा संपवा. तो भरला की विभागप्रमुखाची मंजुरी होते आणि मग पत्र निघतं.

यातून तीन कामाच्या गोष्टी निघतात. पहिली, निर्णय खऱ्या अर्थाने फॉर्म भरताना होतो, म्हणजे सहा महिन्यांच्या प्रोबेशनमध्ये साधारण पाचव्या महिन्याच्या शेवटी. सुधारणा दिसायची तर त्याआधी दिसायला हवी. दुसरी, मॅनेजर तो फॉर्म दहा-पंधरा मिनिटांत आठवणीवर भरतो आणि आठवणीत शेवटचे चार-सहा आठवडे जास्त असतात. तिसरी, पत्राला उशीर होतो तो बहुतेक वेळा फॉर्म मॅनेजरच्या इनबॉक्समध्ये पडून राहतो म्हणून. मी स्वतः एकेका मॅनेजरला चार-चार स्मरणपत्रं पाठवली आहेत. तिकडे ज्याचा फॉर्म अडलेला असायचा, तो मुलगा रात्र रात्र जागा असायचा, हे मला नंतर कळायचं.

एचआरला हे थेट विचारता येतं : "माझ्या कन्फर्मेशनचा फॉर्म साधारण कधी निघतो आणि त्यात कोणते मुद्दे असतात?" हा प्रश्न गैर नाही. फॉर्मचा कोरा नमुना बरेचदा पाहायलाही मिळतो.

४. फीडबॅक मागायचा कसा? मी विचारलं तर "चांगलं चाललंय" एवढंच उत्तर येतं.

"माझं काम कसं चाललंय?" या प्रश्नाला "चांगलं चाललंय" हेच उत्तर येणार. घाईत असलेल्या माणसाला तुम्ही पूर्ण माणसाबद्दल मत विचारता आहात. तो ते टाळणारच. एका कामाबद्दल विचारा, म्हणजे त्याला उत्तर देणं सोपं जातं.

एक उदाहरण तपशिलात देते. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत एक मुलगी अकाउंट्सला लागली. रुजू ३ जूनला, प्रोबेशन सहा महिन्यांचं, म्हणजे मुदत २ डिसेंबरला संपणार. काम पुरवठादारांची बिलं नोंदवण्याचं आणि दर महिन्याला ती जीएसटीआर-२बी शी, म्हणजे पुरवठादारांनी जीएसटीत दाखवलेल्या बिलांच्या यादीशी, जुळवण्याचं. ऑगस्ट संपेपर्यंत मॅनेजर एकदाही कामाबद्दल बोलले नव्हते. तिने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "ठीक आहे, चालू दे". तिला वाटू लागलं की आपल्या जागी दुसरं कोणी शोधताहेत.

मी तिला म्हटलं, एकच काम उचल आणि त्यातला निर्णय त्यांच्यासमोर ठेव. सप्टेंबरमध्ये तिने मेल पाठवला. मेल इंग्रजीत होता, मजकूर असा :

"सर, ऑगस्टची २बी जुळवणी मी १९ तारखेला पूर्ण केली. न जुळलेल्या बिलांची यादी सोबत आहे. पुढच्या महिन्यापासून ही यादी तुम्हाला कोणत्या तारखेला हवी? आणि यादीत पुरवठादाराशी झालेलं बोलणंही लिहू का, की फक्त रकमा पुरेत? शुक्रवारी दहा मिनिटं मिळाली तर समक्ष विचारते."

शुक्रवारी मॅनेजर बोलले, आणि भरपूर बोलले. २बी दर महिन्याच्या १४ तारखेला येते आणि ३बी हे जीएसटीचं विवरणपत्र भरायची तारीख सर्वसाधारणपणे २० असते. यादी १९ ला हातात आली तर पुरवठादाराला फोन करून काही दुरुस्त करून घ्यायला वेळच उरत नाही, आणि ही गोष्ट त्यांना दोन महिने खटकत होती. नोंदी मात्र स्वच्छ आहेत, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितलं. म्हणजे फीडबॅक होता. तो बाहेर यायला वाट मिळाली नव्हती.

तिने त्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल टाकला : "आज ठरल्याप्रमाणे यादी १६ तारखेपर्यंत देईन, मोठ्या रकमेची बिलं वर ठेवीन." ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये यादी १६ ला गेली. नोव्हेंबरच्या मध्यावर फॉर्म आला तेव्हा मॅनेजरांच्या आठवणीत ताजी असलेली गोष्ट हीच होती. पत्र आलं ९ डिसेंबरला, मुदत संपल्यावर आठवड्याने. तो आठवडा तिला फार जड गेला, पण उशीर फक्त मंजुरीचा होता.

पहिला असा मेल प्रोबेशनच्या मध्यावर पाठवा आणि दुसरा फॉर्म निघण्याच्या महिनाभर आधी. दर आठवड्याला विचारत राहिलात तर मॅनेजर पुन्हा "ठीक आहे" वर येतील. बोलणं झाल्यावरचा चार ओळींचा मेल मात्र चुकवू नका. पुढे प्रश्न ७ आणि ९ मधली वेळ आली तर तोच कामी येतो.

५. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो. मॅनेजरचा "फोन कर" एवढा मेसेज आला तरी हात थरथरतात. हे नॉर्मल आहे का?

अनेकांना होतं. घरी पेढे वाटून झालेले असतात, फ्लॅटचं डिपॉझिट भरलेलं असतं, आणि आई दर फोनला "परमनंट झालास का?" विचारते. अशा वेळी जीव टांगणीला लागणारच.

एक साधी गोष्ट उपयोगी पडलेली मी पाहिली आहे. वहीत दोन रकाने करा : "काय घडलं" आणि "मी काय समजलो". एका मुलाने पहिल्यात लिहिलं, "मंगळवारच्या मीटिंगला मला बोलावलं नाही." दुसऱ्यात, "मला बाजूला काढताहेत." त्याने सहकाऱ्याला विचारलं, तर ती मीटिंग पुढच्या वर्षाच्या बजेटची होती आणि टीममधल्या इतर तिघांनाही बोलावणं नव्हतं. पंधरा दिवसांनी वही पाहिली की पहिल्या रकान्यात खरोखर काळजीचं किती आहे ते दिसतं. तिथे प्रश्न ६ मधली चिन्हं दिसली तर पावलं उचला.

भीतीपोटी आपण जे करतो, त्यानेही नुकसान होतं. रात्री अकरापर्यंत लॉगिन राहणं, एकच फाइल पाच वेळा तपासून उशिरा देणं, प्रत्येक बारीक निर्णयाला परवानगी मागणं. तुम्हाला हा काटेकोरपणा वाटतो. फॉर्म भरणाऱ्याला मात्र "स्वतंत्रपणे काम करत नाही" असं वाटू शकतं, आणि तो रकाना बहुतेक फॉर्मांत असतो.

झोप उडणं, उलट्या, छातीत धडधड, जेवण न जाणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर डॉक्टरांना दाखवा. टेली मानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि मराठीतही बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर थांबू नका. लगेच तिथे फोन करा आणि घरातल्या एका माणसाला जवळ बोलावून घ्या. कंपनीला यातलं काही कळवावं लागत नाही.

६. मग खरंच धोका आहे हे कशावरून ओळखायचं?

तुमच्याकडचं काम तुम्हाला न सांगता दुसऱ्याकडे जाऊ लागलं आणि नवीन काम येईना, तर लक्ष द्या. एरवी तोंडी बोलणारा मॅनेजर अचानक प्रत्येक बारीक चूक मेलवर लिहू लागला आणि एचआरला सीसीत ठेवू लागला, तर ते बहुतेक वेळा कागद तयार करणं असतं. तीच चूक तिसऱ्यांदा दाखवली गेली असेल, तर तो फीडबॅकच आहे, कोणी त्याला तसं नाव दिलं नसलं तरी.

मॅनेजर हसला नाही, चहाला बोलावलं नाही, मेसेजला "के" एवढंच उत्तर आलं, ही चिन्हं नाहीत.

वरच्यांपैकी काही दिसलं तर सरळ विचारा : "कन्फर्मेशनच्या दृष्टीने काही अडचण आहे का? असेल तर पुढच्या चार आठवड्यांत मी कोणती एक गोष्ट दाखवायला हवी?" हा प्रश्न कठीण आहे, पण जिथे निर्णय अजून झालेला नसतो तिथे याने तो बदललेला मी पाहिला आहे.

७. प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं. म्हणजे आता संपलंच का?

तसं नाही. ज्याला काढायचंच ठरवलं आहे, त्याच्यावर आणखी तीन महिन्यांचा पगार कंपनी सहसा खर्च करत नाही. वाढ बहुधा तेव्हा होते जेव्हा मॅनेजरचं मत बनलेलं नसतं, मॅनेजर मधेच बदललेला असतो किंवा तुमची मोठी रजा झालेली असते. टायफॉइडने तीन आठवडे घरी असलेल्यांचं प्रोबेशन तेवढंच पुढे ढकलण्याची पद्धत अनेक कंपन्यांत आहे.

वाढीचं पत्र नीट वाचा. त्यात नवी तारीख हवी आणि कारण हवं. फक्त "कामगिरी अपेक्षेनुसार नाही" लिहिलं असेल तर दोन दिवसांत मेल करून विचारा की कोणत्या दोन-तीन गोष्टी पाहिल्या जातील आणि मधला आढावा कधी होईल. उत्तर आलं नाही तरी तुम्ही विचारल्याची नोंद राहते.

८. तारीख उलटून दोन महिने झाले. पत्र नाही, वाढीचा मेलही नाही. मी कन्फर्म झालो का?

नेमणूकपत्र काढा. सर्वोच्च न्यायालयाने सत्य नारायण झंवर प्रकरणात (२००१) अशा नियमांचे ढोबळमानाने तीन प्रकार सांगितले आहेत. ते प्रकरण न्यायिक सेवेतलं होतं, पण वाक्य कसं वाचायचं ते त्यातून कळतं.

पहिल्या प्रकारात प्रोबेशनची मुदत दिलेली असते आणि ती वाढवण्याचा अधिकार ठेवलेला असतो, पण कमाल मर्यादा नसते. इथे नुसती तारीख उलटल्याने तुम्ही कन्फर्म होत नाही. दुसऱ्या प्रकारात कमाल मर्यादा असते, उदाहरणार्थ "वाढीसह एक वर्षाहून अधिक नाही". ती उलटूनही तुम्हाला कामावर ठेवलं तर कन्फर्म मानलं जाण्याचा आधार मिळतो. १९६८ च्या धरम सिंग निकालात हेच झालं होतं. तिसऱ्या प्रकारात कमाल मर्यादा असली तरी कन्फर्मेशनसाठी वेगळा आदेश किंवा परीक्षा लागते. तिथे आदेश निघेपर्यंत तुम्ही प्रोबेशनवरच राहता.

खासगी पत्रांत "लेखी कळवल्याशिवाय कन्फर्म समजू नये" हे वाक्य फार आढळतं. ते असेल तर गृहीत धरू नका, एचआरला साधा मेल करा : "माझं प्रोबेशन अमुक तारखेला पूर्ण झालं, पत्राची स्थिती कळवावी." उलट "मुदत पूर्ण होताच कन्फर्म समजले जाईल" असं लिहिलेलं असेल तर तुम्ही कन्फर्म आहात.

कारखान्यात कामगार असाल तर तिथले स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींचे नियम, तेही पाहा. १९४६ च्या कायद्याखालच्या केंद्रीय नमुना आदेशांत प्रोबेशन तीन महिन्यांचं धरलेलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे, त्यामुळे तुमच्याकडे आज काय लागू आहे ते युनियनला किंवा कामगार कार्यालयात विचारा.

९. कारण न सांगता काढू शकतात का?

काम समाधानकारक वाटलं नाही म्हणून, पत्रात लिहिलेली नोटीस किंवा तिचा पगार देऊन, साधारणपणे हो. "सेवा समाधानकारक नाही" एवढ्या शब्दांना न्यायालयं सहसा कलंक मानत नाहीत.

चोरी, फसवणूक, गैरवर्तन असा आरोप ठेवून काढलं तर गोष्ट बदलते. तिथे प्रोबेशनवरच्या माणसालाही बाजू मांडायची संधी द्यावी लागते, हे तत्त्व सरकारी नोकरांच्या प्रकरणांत समशेर सिंग निकालापासून (१९७४) पक्कं आहे. खासगी नोकरीत दाद कुठे मागायची हे तुम्ही कायद्याच्या व्याख्येत "कामगार" बसता का यावर अवलंबून असतं. आरोपाचं पत्र हातात पडलं तर उत्तर लिहिण्याआधी वकिलाला दाखवा.

१०. "आजच राजीनामा लिहून दे, नाहीतर काढून टाकल्याचं रेकॉर्डवर जाईल" असं म्हणाले. काय करू?

त्या खोलीत बसून काहीही लिहून देऊ नका. "उद्या दुपारपर्यंत कळवतो" म्हणा. दबावाखाली "वैयक्तिक कारणास्तव" लिहिलेलं नंतर मागे घेणं फार कठीण जातं.

राजीनामा देणं कधी कधी सोयीचं असतंही, कारण पुढे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये प्रश्न कमी येतात. पण बदल्यात काय मिळणार ते आधी मेलवर घ्या : नोटीसचा पगार, रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र. वेतन संहितेनुसार राजीनामा असो वा काढणं, देय पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. "फुल अँड फायनलला ४५ दिवस लागतात" हे ऐकून गप्प बसू नका.

११. प्रोबेशनमध्ये असतानाच दुसरीकडे अर्ज करावा का?

प्रश्न ६ मधली चिन्हं असतील तर जरूर करा. फक्त शांततेच्या भीतीने असेल, तर आधी प्रश्न ४ मधलं बोलणं होऊ द्या. नोटीसचा कालावधी तपासा. प्रोबेशनमध्ये तो बहुधा १५ किंवा ३० दिवसांचा असतो आणि कन्फर्म झाल्यावर ६० किंवा ९० दिवसांचा होतो. काही पत्रांत कंपनीला सात दिवस आणि तुम्हाला तीस, असंही लिहिलेलं असतं.

१२. प्रोबेशनमध्ये असताना दिवस गेले. सांगितलं तर कन्फर्म करणार नाहीत अशी भीती वाटते.

ही भीती मला अनेक जणींनी सांगितली आहे आणि ती निराधार नाही, म्हणून हक्क स्पष्ट सांगते. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या कंपनीत ८० दिवस काम झालं असेल तर प्रसूती लाभ मिळतो. पहिल्या दोन अपत्यांसाठी तो २६ आठवड्यांचा आहे. कायदा यात प्रोबेशन आणि कायम असा फरक करत नाही. प्रसूती रजेवर असताना किंवा त्या रजेच्या कारणाने काढणं बेकायदा आहे, आणि गरोदरपणात काढलं तरी, लाभाला पात्र ठरला असतात तर तो बुडत नाही.

ज्या दिवशी सांगाल, त्या दिवशी मेलवर सांगा. त्याआधीचे कामाबद्दलचे मेल घरच्या पत्त्यावर पाठवू नका, त्यावर बऱ्याच कंपन्यांत बंदी असते. कोणत्या तारखेला काय बोलणं झालं ते वहीत लिहून ठेवा. आधी सगळं ठीक आणि कळवल्यानंतर पंधरा दिवसांत "कामगिरी कमी", हा क्रम तारखांवरूनच दिसतो.

१३. मला कन्फर्म केलं नाही. पुढच्या मुलाखतीत ते पाच महिने लपवू का?

लपवू नका. पीएफ कापला गेला असेल तर तुमच्या यूएएनखाली त्या कंपनीची रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते, आणि नवी कंपनी तिथे पाहू शकते. पाच महिने नाकारणं हे कन्फर्म न होण्यापेक्षा मोठं कारण ठरतं. मी स्वतः अशा एका मुलाची ऑफर मागे घेतली गेलेली पाहिली आहे.

दोन वाक्यं पुरतात : "तिथे प्रोबेशननंतर मला कन्फर्म केलं नाही. काम मुख्यतः ग्राहकांच्या फोनचं होतं आणि माझा हात रिपोर्टिंगमध्ये जास्त चालतो, ते तिथे लक्षात आलं." मग तिथे केलेलं एक काम आकड्यासह सांगा आणि थांबा. जुन्या मॅनेजरबद्दल विचारलं तरी तक्रार नको. सोडल्याची तारीख जुन्या कंपनीने पीएफमध्ये भरली आहे की नाही हे मात्र महिन्याभरात तपासा. ती राहिली तर पैसे ट्रान्सफर करताना अडतं.